“घरीच तर असतेस!” : गृहिणीच्या श्रमांचा सन्मान कसा करावा?

लग्नसमारंभात किंवा शाळेच्या पालकसभेत एखाद्या भगिनीला कुणी विचारते, “आपण काय करता?” आणि बहुधा उत्तर मिळते, “काही नाही, घरीच असते.” कधी हे उत्तर ती स्वतः देते, तर कधी शेजारी उभा असलेला पती तिच्या वतीने देऊन टाकतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या व्यक्तीचे वर्णन ‘काही नाही’ या दोन शब्दांत संपते आणि ऐकणाऱ्यालाही त्यात वावगे वाटत नाही.

प्रिय वाचक, ज्या भगिनीच्या मनात “माझ्याकडे कुणाचे लक्षच नाही” ही सल आहे, तिला बहुतेक वेळा दागिना नको असतो आणि भाषणही नको असते. तिचे दुःख असे की, ज्या माणसासाठी ती दिवस खर्च करते, त्यालाच तो दिवस कसा गेला हे ठाऊक नसते. म्हणून या लेखात स्तुती कशी करावी हे सांगायचे नाही. पतीने पत्नीचे काम प्रत्यक्ष कसे पाहावे आणि पाहिल्यानंतर काय करावे, एवढाच विचार आपण करणार आहोत.

हे काम शरीअतच्या दृष्टीने कोणाचे?

आपल्याकडे असे गृहीत धरले जाते की स्वयंपाक, धुणी-भांडी, झाडलोट ही पत्नीवर निकाहनेच बंधनकारक झालेली कामे आहेत. पण फिकहच्या ग्रंथांत हा प्रश्न इतका सरळ नाही. शाफिई आणि हंबली मतप्रणालीच्या बहुसंख्य विद्वानांनी असे म्हटले आहे की दळणे, स्वयंपाक करणे, घर झाडणे ही निकाहच्या कराराने पत्नीवर येणारी कायदेशीर बंधने नाहीत. कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफिई आहेत. त्यांच्यापैकी किती घरांत ही गोष्ट कधी सांगितली गेली असेल? हनफी विद्वानांनी भेद केला आहे. नैतिक व धार्मिक पातळीवर पत्नीने प्रथेनुसार घरकाम करावे, परंतु काजी तिला त्यासाठी भाग पाडू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरीकडे इमाम इब्न तैमिया (रह.) आणि इब्नुल कय्यिम (रह.) यांनी, समाजात जी रीत असेल त्यानुसार घरकाम हे पत्नीचे कर्तव्यच ठरते, असे मत मांडले.

हा मतभेद येथे कोणाची बाजू घेण्यासाठी सांगितलेला नाही. दोन्ही मते पतीला कोठे नेतात ते पाहा. पहिले मत स्वीकारले, तर पत्नी रोज जे करते तो तिचा एहसान, म्हणजे स्वेच्छेने केलेला उपकार आहे, आणि उपकाराची जाणीव न ठेवणे ही कृतघ्नता आहे. दुसरे मत स्वीकारले, तर ते तिचे कर्तव्य आहे. पण कुटुंबाच्या खर्चाची तरतूद करणे हेही पतीचे कर्तव्यच आहे, आणि ते पार पाडल्याबद्दल घराने आपली कदर करावी असे प्रत्येक पतीला वाटते. मग हाच न्याय पत्नीला का नको? जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही आभार मानत नाही, या आशयाची हदीस अबू दाऊद व तिरमिजी यांच्या संग्रहांत आहे. तिची सुरुवात घरापासूनच व्हायला हवी.

दिव्य कुरआनने तर घरातील श्रमाला मूल्य असते हे स्पष्टपणे मान्य केले आहे. सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत असा आदेश आहे की घटस्फोटित स्त्री मुलाला दूध पाजत असेल, तर तिला तिचा मोबदला द्यावा. विवाह टिकून असताना आईच्या कामाचा मोबदला ठरवला जात नाही, पण म्हणून ते काम मूल्यहीन होत नाही. सूरह बकराच्या २३३व्या आयतीत मुलाचे दूध तोडण्याचा निर्णय आईवडिलांनी परस्पर संमतीने आणि सल्लामसलतीने घ्यावा असे सांगितले आहे. घरातली एवढी लहान वाटणारी बाब, तरी तीत आईचे मत घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही.

ओझे पाहणारी नजर

हजरत अस्मा बिन्त अबू बक्र (रजि.) यांनी आपल्या संसाराच्या सुरुवातीच्या दिवसांची हकीकत स्वतः सांगितली आहे. ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आढळते. हजरत जुबैर (रजि.) यांच्याशी निकाह झाला तेव्हा त्यांच्याकडे एक घोडा आणि पाणी वाहणारा एक उंट याखेरीज काही नव्हते. घोड्याला चारा घालणे, पाणी भरणे, पखाल शिवणे, पीठ मळणे ही सारी कामे अस्मा (रजि.) करीत. त्यांना भाकरी नीट भाजता येत नसे, म्हणून शेजारच्या अन्सारी स्त्रिया ती भाजून देत. जुबैर (रजि.) यांच्या जमिनीवरून खजुराच्या बियांचे ओझे त्या डोक्यावर वाहून आणीत. हे अंतर आजच्या हिशेबाने साडेतीन किलोमीटरच्या आसपास होते.

एके दिवशी वाटेत पैगंबर मुहम्मद (स.) काही अन्सारी सोबत्यांसह भेटले. डोक्यावरचे ओझे पाहून त्यांनी तिला आपल्यामागे बसवून नेण्यासाठी उंट बसवला. अस्मा (रजि.) संकोचल्या. पैगंबरांनी (स.) तो संकोच ओळखला आणि ते पुढे निघून गेले. घरी आल्यावर त्यांनी पतीला हे सांगितले, तेव्हा जुबैर (रजि.) म्हणाले की, तू पैगंबरांच्या (स.) मागे बसून येण्यापेक्षा हे ओझे डोक्यावर वाहतेस हेच मला अधिक जड जाते. पुढे वडील हजरत अबू बक्र (रजि.) यांनी घोड्याची देखभाल करण्यासाठी एक सेवक पाठवला. अस्मा (रजि.) सांगतात की त्यामुळे जणू आपली गुलामीतून सुटका झाली असे त्यांना वाटले.

या हकीकतीत तीन माणसांनी ओझे पाहिले. एकाने वाहन थांबवले, दुसऱ्याने ते आपल्याला खुपते हे शब्दांत सांगितले, तिसऱ्याने एक काम पूर्णपणे उचलून घेतले. सुटकेची भावना आली ती मात्र तिसऱ्या कृतीने. सेवक आल्यावर घोड्याचा चारा, पाणी, त्याची काळजी, सगळेच अस्मांच्या (रजि.) डोक्यावरून उतरले. मधूनमधून हात लावणे आणि एक काम संपूर्ण स्वीकारणे यांतला हा फरक आहे. आता तो आजच्या घरात पाहू.

सोलापुरातले एक घर

उदाहरणादाखल सोलापुरातले एक घर डोळ्यांसमोर आणा. पती टॉवेलच्या कारखान्यात हिशेबनीस आहे. मोठी मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, धाकटा चार वर्षांचा. पतीची आई मधुमेही असून तिला दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते. पती व्यसनी नाही, रागीट नाही, नमाजी आहे. रविवारी भाजी आणतो, सांगितले की औषध आणतो. तरी पत्नी गेल्या काही महिन्यांपासून गप्प गप्प राहते. एकदा त्याने सहज विचारले, “दुपारी तर तू मोकळीच असतेस, मग एवढी थकतेस कशाने?” त्यावर तिने उत्तर दिले नाही, ताट उचलून ती आत गेली.

त्या दुपारीकडे जवळून पाहू. सासूबाईंना जे इन्सुलिन दिले जाते, ते सकाळी व रात्री जेवणाआधी सुमारे अर्धा तास टोचायचे असते. टोचल्यावर जेवणाला उशीर झाला तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. सकाळच्या मात्रेचा परिणाम दुपारीही राहतो, म्हणून दुपारचे जेवणही वेळेवरच हवे. चार वर्षांचा मुलगा रडत असला तरी, गॅस संपला तरी, पाहुणे आले तरी. नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून पाण्याचा दिवस कोणता, वेळ कोणती, पिंप घासून ठेवले आहे का, हे तिला लक्षात ठेवावे लागते. मुलाची प्रकल्पवही, मुलीच्या शिकवणीची फी, दळण कधी संपेल, हे सारे तिच्या डोक्यात एकाच वेळी फिरत असते. ती दुपारी अर्धा तास आडवी झालेली दिसते, पण तिचे कान सासूबाईंच्या खोलीकडे आणि नळाकडे असतात.

पतीला जेवणाचे ताट दिसते. ते ठरल्या वेळी का येते, हे दिसत नाही. घरकामाचा हा न दिसणारा भाग म्हणजे आठवण ठेवणे, अंदाज बांधणे आणि चूक होण्याआधी ती टाळणे. हे काम नीट झाले की घरात काहीच घडत नाही. म्हणूनच ते कोणाला जाणवत नाही.

भारत सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले. पण पाण्याच्या दिवसाची किंवा इन्सुलिनच्या वेळेची आठवण ठेवत घालवलेली मिनिटे कोणत्याही तक्त्यात सहज पकडता येत नाहीत.

पाहण्याची पद्धत

या पतीने “मी काय मदत करू?” असे विचारले, तर हेतू चांगला असूनही पत्नीवर आणखी एक काम येते. काय करायचे ते तिने ठरवायचे, सांगायचे आणि झाले की नाही ते पुन्हा पाहायचे. त्याऐवजी मुले झोपल्यावर दोघांनी कागद घेऊन बसावे. त्याने लिहावे, तिने सांगावे. प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: ते करायची वेळ झाली हे कोणाच्या लक्षात येते, ते प्रत्यक्ष कोण करते, आणि ते राहून गेले तर बोल कोणाला लागतो.

सासूबाईंच्या औषधाची ओळ या घरात अशी निघेल: आणतो पती, लक्षात ठेवते पत्नी, बोल लागतो पत्नीला. आतापर्यंत तो समजत होता की औषधाचे काम आपण करतो. कागदावर दिसते की तो फक्त दुकानापर्यंत जातो. हा क्षण महत्त्वाचा आहे. येथे पतीने स्वतःचा बचाव सुरू केला की कागद निरुपयोगी झाला. “मीही दिवसभर कष्ट करतो” हे खरे आहे, पण ते सांगण्याची ही वेळ नव्हे. आधी ऐकावे.

एक काम पूर्ण स्वीकारावे

यानंतर दहा कामे वाटून घेण्याची घाई करू नये. एकच काम घ्यावे, पण मुळापासून शेवटापर्यंत. या घरात पतीने आपल्या आईचे औषध घ्यावे, हे उचितही आहे, कारण आईची सेवा मुळात मुलावर आहे. पूर्ण स्वीकारणे म्हणजे इन्सुलिनची बाटली उघडली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहिणे, कारण उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनंतर वापरायची नसते. बाटली फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवणे, सुया व साखर तपासण्याच्या पट्ट्या किती उरल्या हे दर जुम्याला पाहणे, डॉक्टरांची तारीख लक्षात ठेवणे आणि सकाळचे व रात्रीचे इंजेक्शन स्वतः देणे, हे सारे त्यात आले.

बिघाड बहुधा तिसऱ्या आठवड्यात होतो. उत्साह ओसरतो, कारखान्यात हिशेबाची गडबड असते आणि पट्ट्या संपतात. पत्नीच्या ते आदल्या दिवशीच लक्षात आलेले असते. तिने काय करावे? रुग्णाच्या जिवाशी खेळ नको, म्हणून तिने सांगावे, यात शंका नाही. पण पतीने त्या वेळी “तू आधी का नाही आठवण केलीस?” असे म्हणू नये. त्या एका वाक्याने काम पुन्हा तिच्या डोक्यावर जाते. त्याने जाऊन पट्ट्या आणाव्यात आणि पुढच्या तपासणीचा दिवस आपल्या मोबाईलमध्ये लावावा. भगिनींनीही येथे थोडा धीर धरावा. तो डबा वेगळ्या जागी ठेवील, आपल्यापेक्षा सावकाश करील. धोका नसेल तर त्याला त्याच्या पद्धतीने करू द्यावे. प्रत्येक वेळी दुरुस्त केले तर तो आपोआप काम सोडून देतो.

पैगंबर मुहम्मद (स.) घरात काय करीत, असे अस्वद बिन यजीद (रह.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले होते. सहीह बुखारीत त्यांचे उत्तर आहे. त्याचा आशय असा की, ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी निघत. दुसऱ्या वर्णनांत कपडे शिवणे, चपला सांधणे, शेळीचे दूध काढणे यांचा उल्लेख येतो. या उत्तरात कोठेही ‘पत्नीला मदत करीत’ असा सूर नाही. ते घराचे काम होते आणि ते घरातले होते.

पैसा आणि जीभ

सन्मानाची आणखी दोन ठिकाणी परीक्षा होते. पहिले ठिकाण पैसा. घरखर्चाची रक्कम ही पत्नीला दिलेली बक्षिसी नव्हे, तो नफका आहे, कुटुंबाचा हक्क आहे. अबू सुफियान यांच्या पत्नी हिंद यांनी पती पुरेसा खर्च देत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना स्वतःला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल एवढे घेण्याची मुभा दिली, असे बुखारीत आहे. आपल्या उदाहरणातल्या पतीने किराण्याच्या रकमेखेरीज महिन्याला हजार-दीड हजार रुपये, जमेल तसे, पत्नीच्या हातात द्यावेत आणि त्यांचा हिशेब कधीही विचारू नये. हे तिच्या कामाचे वेतन नव्हे. प्रत्येक रुपयासाठी हात पसरण्याचा संकोच त्याने दूर होतो. आणि मेहर अजून बाकी असेल, तर ते कर्ज आहे. सन्मानाची सुरुवात ते फेडण्यापासून करावी.

दुसरे ठिकाण जीभ. पैगंबरांनी (स.) कधीही जेवणाला नावे ठेवली नाहीत. आवडले तर खाल्ले, नाही तर राहू दिले, असे हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितले आहे. “खाना चांगला झाला” एवढे म्हणण्यापेक्षा नेमके शब्द बोलावेत. “आज पाणीही आले होते आणि पाहुणेही होते, तरी अम्मीचे जेवण वेळेवर झाले.” या वाक्यात पतीने दिवस पाहिला असल्याचा पुरावा आहे. चारचौघांत “ही घरीच असते” याऐवजी “घर ही सांभाळते, माझी आई हिच्या जिवावर आहे” असे म्हणावे. मुले ते ऐकत असतात. पाचवीतल्या मुलाने आपले ताट स्वतः उचलावे, सारे काम नववीतल्या बहिणीवर पडू नये, हेही त्यातच आले.

एका हदीसचा गैरवापर

जात्यावर दळून हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना घट्टे पडले होते. त्यांनी सेवक मागितला, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना झोपताना ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणण्यास शिकवले. ही हदीस सांगून थकलेल्या पत्नीला “तस्बीह पढ, तक्रार करू नकोस” असे बजावणारे लोक आढळतात. ते एक गोष्ट विसरतात. फातिमा (रजि.) भेटायला गेल्या तेव्हा पैगंबर (स.) घरी नव्हते. निरोप कळताच ते रात्री स्वतः त्यांच्या घरी आले आणि पती-पत्नीच्या मध्ये बसून त्यांनी तो जिक्र दोघांनाही शिकवला. त्यांनी तक्रार ऐकली आणि मुलीची दखल घेतली. जिक्र हे बळ आहे, दुसऱ्याचे तोंड बंद करण्याचे साधन नव्हे.

पत्नीचे काम आपल्याला खरोखर दिसू लागले की नाही, हे पतीने कसे ओळखावे? ती दोन दिवस तापाने अंथरुणावर असेल, तेव्हा तिला हाक न मारता आईचे इन्सुलिन, मुलांचे डबे आणि पाण्याचे पिंप यांची सोय लागते का, हे पाहावे. “मीठ कुठे आहे?” असे विचारायला तो दारात उभा राहत असेल, तर अजून पुष्कळ बाकी आहे.

आज इशाच्या नमाजनंतर एक कोरा कागद घ्या आणि पत्नीजवळ बसा. लेखणी आपल्या हातात ठेवा, बोलू द्या तिला.

अल्लाह आपल्या घरांत परस्परांविषयी प्रेम आणि दया नांदवो, आमीन.